फोटो पिशवीतून जरा उशिरा काढा

तुम्ही लिहिलंत, पन्नास बायोडेटा जमलेत, पण एकही स्थळ पुढे सरकत नाही. मी स्थळं जुळवायला लागले, तेव्हा सुरुवातीला माझंही असंच झालं होतं.

साताऱ्याच्या एका मुलीचा फोटो घेऊन मी चार घरं फिरले. "नाकीडोळी नीटस, हसरी," असं रंगवून सांगायचे. चारही वेळा कांदेपोहे झाले आणि चारही वेळा नकार मुलीकडूनच आला. मला तिचा रागच आला. पाचव्या वेळी मात्र फोटो पिशवीतच ठेवले, तिला गच्चीवर नेलं आणि विचारलं, "लग्नानंतर सकाळी सहाला घरात काय चाललेलं असेल?" ती बराच वेळ गप्प. मीही गप्प राहिले, आणि माझ्यासारख्या बडबडीला ते सोपं नव्हतं! मग म्हणाली, "बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. मला जवळच राहायचंय." मी दाखवलेली चारही स्थळं पुण्या-मुंबईची होती.

पुढचं स्थळ कोरेगावचं आणलं, तासाभराच्या आतलं. फोटोत मुलाचे डोळे मिटलेले होते. तरी जमलं.

सध्या एवढंच करा:

- मुलगा आणि मुलगी, दोघांशी आईवडील नसताना वेगवेगळं बोला.
- मागचा नकार नेमका कशावरून झाला, ते विचारा. "योग नव्हता" एवढ्यावर थांबू नका.
- त्यांचे शब्द वहीत जसेच्या तसे उतरवा. "बघू" याला होकार समजून पुढच्या घरी कळवणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

पत्रिका आणि याद्यांचं नंतर बोलू.