‘मीठ दे’ की ‘पीठ दे’? घरातल्या मोठ्या माणसाचं ऐकणं गेल्यावर: तुमचे प्रश्न

वडील ५६ वर्षांचे आहेत, टीबीच्या इंजेक्शनांनंतर दोन्ही कान गेले. मशीन लावलं तर नुसता आवाज येतो, शब्द कळत नाहीत म्हणतात. लिप रीडिंग किती महिन्यात येईल? सांगलीत क्लास मिळेल का? (तासगाव)

पूर्ण येणार नाही, कितीही महिने दिले तरी. हे आधीच सांगते, कारण सिनेमात दाखवतात तसं लांबून बघून सगळं ओळखणारा माणूस घरोघरी तयार होत नसतो. निम्म्याहून जास्त बोलणं ओठांवर दिसतच नाही, उरलेलं डोकं अंदाजानं भरतं.

आज आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘मीठ दे’ म्हणा, मग ‘पीठ दे’ म्हणा. काही फरक दिसला? नाही दिसणार, कारण प, ब, भ, म या सगळ्यांना ओठ सारखेच मिटतात, आणि म चा आवाज नाकातून येतो ते बाहेरून कसं दिसणार. तसंच ‘मामा आले’ आणि ‘बाबा आले’, ‘भाजी’ आणि ‘माझी’, ‘पाय’ आणि ‘माय’. क, ख, ग, घ तर मागं घशाजवळ होतात, ते जवळजवळ दिसतच नाहीत. त, द, न, ल मध्ये जिभेचं टोक जरा दिसतं, पण कुठलं अक्षर ते सांगता येत नाही. चांगले दिसतात ते आ, ऊ, ई असे तोंडाचा आकार बदलणारे स्वर, आणि व किंवा आजकालचा दात लावून म्हणतात तो फ.

त्यामुळं वडिलांच्या सरावापेक्षा तुमच्या सवयी बदलल्या तर फरक लवकर पडतो. समोर यायचं, तीन ते सहा फुटांवर, आणि उजेड तुमच्या तोंडावर पाहिजे, पाठीमागं खिडकी असली तर त्यांना नुसती काळी सावली दिसते. ओरडायचं नाही, ओरडलं की ओठांचा आकारच बिघडतो, आणि एकेक अक्षर ताणून पण बोलायचं नाही. नेहमीच्यापेक्षा थोडं सावकाश, पूर्ण वाक्यात. मिशा ओठांवर आल्या असतील तर कात्री लावा. आणि तोंडात मावा धरून बोलणाऱ्याचं तर ऐकू येणाऱ्यालाही कळत नाही, तो आधी थुंकून या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विषय आधी सांगायचा. ‘द्राक्षं’ एवढं आधी कळलं की पुढं औषध, फवारणी, व्यापारी, दर यातलंच काहीतरी असणार हे डोक्यात तयार असतं, मग अर्धवट दिसलेला शब्द सुद्धा जुळतो. विषय न सांगता बोलणं सुरू केलं तर पहिली दोन वाक्यं विषय शोधण्यातच जातात आणि तोवर तुम्ही तिसऱ्यावर पोचलेले असता.

मशीन काढून ठेवू देऊ नका. नुसता आवाज येतो म्हणजे फुकट नाही, बोलण्याचा ठेका, कुठं थांबलात, कुठं चढवलंत हे त्यातून कळतं आणि ओठांवर न दिसणारी माहिती बऱ्याचदा तिथंच असते. मशीन आणि ओठ दोन्ही मिळून जेवढं कळतं तेवढं एकट्यानं कधीच कळत नाही. क्लासच्या मागं लागण्यापेक्षा जवळच्या ऑडिओलॉजिस्ट किंवा स्पीच थेरपिस्टला विचारा, सरावाची दिशा ते देतात, पण रोजचा सराव घरातच. तो सुद्धा एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त नको, ओठ बघून बघून माणूस खरोखर दमतो, संध्याकाळी चिडचिड वाढते ती बऱ्याचदा त्यामुळं.

मिस्टर सगळ्याला ‘हो हो’ म्हणतात आणि नंतर कळतं की काहीच समजलं नव्हतं. दुकान आहे आमचं, गिऱ्हाइकाबरोबर पण तेच. विचारलं की रागावतात. (मिरज)

हे जवळजवळ सगळेच करतात, फसवायला नाही, दर वाक्याला ‘काय?’ म्हणायची लाज वाटते म्हणून. ओळखायचं कसं, तर ‘कळलं का’ विचारूच नका, त्याला ‘हो’ हेच उत्तर येणार. ‘मग किती वाजता निघायचं?’ असं विचारा, म्हणजे उत्तरात वेळ यायलाच पाहिजे.

नाही कळलं तर क्रम ठरवून घ्या. एकदा तेच वाक्य परत. तरी नाही तर शब्द बदलून, कारण जो शब्द ओठांवर दिसत नाही तो दहा वेळा म्हटला तरी दिसणार नाही. ‘किराणा’ नाही कळला तर ‘दुकानातला माल’ म्हणा. तरी नाही तर लिहून. तिसऱ्या पायरीला लगेच जायला घाबरू नका, फोनवर टाईप करणं म्हणजे हार मानणं नव्हे. कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोललं तरी अक्षरं उमटतात, फक्त दुकानाच्या गोंगाटात आणि आपल्या गावाकडच्या बोलीत ती कधी कधी भलतंच लिहितात, म्हणून पैशाचा आकडा त्यावर सोडू नका.

आकड्यांचं वेगळं सांगते. ‘सात’ आणि ‘साठ’ ओठांवर वेगळे काढणं अवघड आहे. दुकानात गल्ल्यावर कॅल्क्युलेटर ठेवा, गिऱ्हाइकाकडं वळवून आकडा दाखवायचा आणि त्यालाही त्यावरच दाबायला सांगायचं. कुणाला वावगं वाटत नाही. ‘मला ऐकू येत नाही, समोर बघून बोला’ अशी मोठ्या अक्षरात पाटी लावली तर अजून सोपं, पण ती लावायला मिस्टर तयार झाले पाहिजेत, तुम्ही परस्पर लावू नका.

आणि घरात एक वाक्य बंद करा, ‘जाऊ दे, काही विशेष नाही’. सगळे हसले, त्यांनी विचारलं काय झालं, आणि उत्तर हे. विशेष नसेल तर नसेल, सांगा तेवढंच.

भाऊ सहा दिवसांपूर्वी सकाळी उठला तर एका कानानं एकदम ऐकू येईना, दुसऱ्यानं पण कमी वाटतंय. आम्ही साइन लँग्वेजचे व्हिडिओ बघायला लागलोय, कुठून सुरुवात करू? (कराड)

व्हिडिओ बंद करा आणि आजच्या आज ईएनटी डॉक्टरकडं जा. अचानक गेलेलं ऐकणं ही इमर्जन्सी आहे. स्टेरॉइड उपचाराचा उपयोग होण्याची शक्यता पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त असते, तुमचे सहा दिवस आधीच गेलेत. मळ असेल, सर्दीनं दडा बसला असेल म्हणून घरी तेल घालत बसू नका, तपासल्याशिवाय ते सांगता येत नाही.

सासूबाईंना आता काहीच ऐकू येत नाही. यूट्यूबवर अमेरिकन साइन लँग्वेजचे खूप व्हिडिओ आहेत, ते शिकलो तर चालेल का? त्या म्हणतात ‘मी काय मुकी आहे का?’ (सातारा)

अमेरिकन नको. तिथली अक्षरं एका हाताची आहेत, आपल्याकडची भारतीय साइन लँग्वेजमधली दोन हातांची, शब्दांच्या खुणा पण वेगळ्या. उद्या साताऱ्यात कुणी कर्णबधिर माणूस भेटला तर तुमचं त्याला काही कळणार नाही. दिल्लीचं भारतीय सांकेतिक भाषा केंद्र, आयएसएलआरटीसी म्हणतात त्याला, त्यांचा शब्दकोश व्हिडिओच्या रूपात फुकट आहे, २०२१ पर्यंत त्यात १०,००० शब्द झाले होते. तिथून घ्या.

पण सासूबाईंचा मुद्दा बरोबर आहे. त्या साठ-सत्तर वर्षं मराठीत जगल्यात, विचार मराठीत करतात, बोलतात पण छान. साइन लँग्वेज ही स्वतःचं व्याकरण असलेली वेगळी भाषा आहे, ‘तू कुठं चाललास’ हे तिथं ‘तू जाणं कुठं’ अशा क्रमानं येतं. ती बोलण्याइतकी यायला कर्णबधिर लोकांत मिसळावं लागतं, वर्षं लागतात, आणि त्यांच्या आजूबाजूला ती बोलणारं कोण आहे? पुढं त्यांना स्वतःला वाटलं तर जरूर, आत्ता लादू नका.

आत्ता एवढंच करा, ओठांवर जिथं घोटाळा होतो नेमकं तिथं खूण वापरा. पलूसकडचं एक कुटुंब माझ्याकडं येतं, त्यांनी फ्रिजवर वही टांगली आणि आठवडाभर जो शब्द चुकला तो लिहीत गेले. आठवड्यानं वही बघितली तर चुकणारे शब्द सारखे तेच होते, घरातल्यांची नावं, वेळ, आकडे आणि स्वैपाकघरातले मीठ-पीठ. मग तेवढ्यांनाच खुणा ठरवल्या. मीठ म्हणजे चिमूट सोडल्यासारखं, पीठ म्हणजे कणीक मळल्यासारखं. थोरल्या दिराच्या हनुवटीवर तीळ आहे, तिथं बोट लावलं की तो. ‘परवा’ म्हणताना हात पुढं केला तर येणारा, खांद्यावरून मागं केला तर गेलेला, आणि ही मागं-पुढं करायची पद्धत भारतीय साइन लँग्वेजमध्ये पण तशीच आहे. ज्या शब्दाला शब्दकोशात सोपी खूण सापडली तिथं तीच घेतली.

तोंडानं पूर्ण मराठी वाक्य आणि अडलेल्या शब्दावर हात, असं चालतं ते. ‘परवा डॉक्टरकडं जायचंय’ म्हणताना आधी मनगटावर नाडी बघितल्यासारखं, म्हणजे विषय डॉक्टर, मग तोंडानं वाक्य, मध्ये हात पुढं. सासूबाईंना स्वतःला खुणा करायच्या नाहीत, त्या बोलतीलच, खुणा तुम्ही करायच्या. हे पटलं की ‘मुकी आहे का’ हा प्रश्न उरत नाही. चाळीसेक खुणा दोन महिन्यांत घरात रुळतात, पण एकट्या सुनेनं शिकून भागत नाही, मुलगा आणि नातवंडांनी नाही केलं तर तुम्ही दुभाषी होऊन बसाल.

लाईट गेले तर? टॉर्च स्वतःच्या तोंडावर आणि हातावर मारायचा, त्यांच्या डोळ्यांवर नाही.

मेंदूज्वरानंतर बहिणीचं (३४) दोन्ही कानांचं ऐकणं गेलं. डॉक्टर कानाच्या आत बसवायचं कॉक्लिअर इम्प्लांट म्हणताहेत, आम्ही म्हणतोय सहा महिने थांबून तब्येत सुधारू दे. आणि इम्प्लांट होणारच असेल तर ओठ वाचणं, खुणा कशाला शिकायच्या? (विटा)

थांबायचा निर्णय तुमचा तुम्ही घेऊ नका. मेंदूज्वरात कानाच्या आतल्या शंखात हाड भरायला लागू शकतं, काही जणांत काही आठवड्यांतच सुरू होतं, आणि एकदा भरलं की इम्प्लांटची बारीक तार, म्हणजे इलेक्ट्रोड, आत नीट सरकत नाही. म्हणून बाकी कारणांत सवडीनं ठरवता येतं तसं इथं नाही. एमआरआय आणि सीटी स्कॅन कधी करायचं, शंख मोकळा आहे का, हे या आठवड्यात सर्जनला विचारा. तब्येत ऑपरेशनला झेपेल का हे पण तेच सांगतील.

दुसऱ्याचं उत्तर असं, की ऑपरेशन झालं त्या दिवशी ऐकू येत नाही. जखम भरल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांनी बाहेरचा प्रोसेसर चालू करतात, आणि सुरुवातीला आवाज यंत्रासारखा, किरकिरा लागतो, बरेच जण ‘हे असलंच असेल तर नको’ म्हणतात. शब्द ओळखू यायला महिने जातात, रोजचा सराव लागतो, आणि त्या काळात समोरच्याचे ओठ दिसत असतील तर नवीन आवाजाची जुळणी लवकर बसते. अंघोळीला आणि झोपताना प्रोसेसर काढलेला असतो, बॅटरी संपते, लग्नाच्या हॉलमध्ये बँड लागतो, अशा वेळी घरात ठरवलेल्या खुणाच कामाला येतात.