पाणमोट न येता कळा थांबल्या तर: म्हशीच्या गर्भाशयाचा पीळ

प्रश्न : तिसऱ्या वेताची म्हैस. संध्याकाळी ७ला उठबस सुरू झाली, पण पाणमोट आलीच नाही. घरातले सगळे रात्रभर गोठ्यात जागे होतो. ३ला कळा थांबल्या, वाटलं आराम पडला. सकाळी डॉक्टरांनी फळी ठेवून लोळवली. रेडकू मेलेलं निघालं, म्हैस वाचली. रात्री आमचं काय राहिलं?

उत्तर : राहिला तो डॉक्टरांना फोन, आणि तो ११च्या सुमारास जायला हवा होता. उठबस सुरू झाल्यावर साधारण ४ ते ६ तासांत पाणमोट दिसायला हवी. ती न येता कळा मंदावल्या, तर तो आराम नव्हे. अडलेली म्हैस थकली, असंच धरायचं.

म्हशीत अडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, गर्भाशयाला पीळ. पोट खोल, गर्भाशय सैल टांगलेलं आणि भार एका बाजूला. म्हैस उठता-बसता ते झोका खाऊन फिरतं, बहुधा उजवीकडे. पीळ गर्भाशयाच्या तोंडाच्या अलीकडे, योनीमार्गात पडला की वाट आवळते. म्हणून पाणमोट पुढे सरकत नाही. सोबत रक्तवाहिन्याही पिळल्या जातात आणि रेडकू गुदमरतं. तुमचं रेडकू ११ला वाचलंच असतं असं मात्र छातीठोक सांगता येणार नाही. पीळ किती घट्ट होता त्यावर ते असतं.

बॅटरीच्या उजेडात मागून पाहा. काही म्हशींत निरणाचा एक ओठ आत ओढल्यासारखा, वाकडा दिसतो. तो दिसला नाही तरी पीळ नाही असं समजू नका. आत हात घालून नक्की करणं डॉक्टरांचं काम. त्यांच्या हाताला मळसूत्रासारख्या वळ्या लागतात.

कळांचं इंजेक्शन तर मुळीच देऊ नका. वाट बंद असताना गर्भाशय जोरात आवळलं तर ते फाटतं, मग म्हैसही जाते.

सकाळी लोळवलं त्यात मेख दिशेची असते. पीळ उजवा तर म्हैस उजव्या कुशीवर पाडतात, पुढचे दोन पाय एकमेकांना आणि मागचे दोन एकमेकांना असे वेगवेगळे बांधतात. १० ते १२ फुटी फळीचं एक टोक पोटावर, दुसरं जमिनीवर ठेवून एक माणूस फळीवर उभा राहतो. फळीने गर्भाशय दाबून धरलेलं असताना म्हैस पिळाच्याच दिशेने सावकाश लोळवायची, म्हणजे अंग फिरून पिळाला गाठतं. उलट फिरवली तर पीळ आणखी घट्ट होतो, म्हणून दिशा कळल्याशिवाय घरी हा प्रयोग नको. डॉक्टर येईपर्यंत फळी, दोर, ५-६ माणसं, गरम पाणी, साबण आणि मऊ जागेवर अंथरलेला कडबा एवढं मात्र तयार ठेवा.

पीळ सुटूनही तोंड उघडलं नाही तर पोट उघडून रेडकू काढावं लागतं. दीड दिवस उलटला की ही वेळ जास्त येते, कारण तोवर गर्भाशय सुजून पेशी मरायला लागतात.

तुमच्या म्हशीची जार १२ तासांत पडली नसेल, किंवा ती वैरण सोडून घाण वासाचा स्राव टाकत असेल, तर डॉक्टरांना आजच पुन्हा बोलवा.