चार वर्षं आठ महिन्यांवर नोकरी सोडली तर ग्रॅच्युइटी?

प्रश्न: कंपनीत ४ वर्षं ८ महिने १० दिवस झालेत, आठवड्याला ६ दिवस काम, बेसिक ३१,२०० आहे, डीए नाही. आता सोडली तर ग्रॅच्युइटी मिळेल का? एचआर म्हणतो पाच वर्षं पूर्ण नाहीत, विसरा.

मिळायला हवी, पण सहज हातात पडेल असं नाही. मी पेरोलला आहे, हा वाद दर वर्षी एकदा तरी टेबलावर येतोच.

कायद्यात पाच वर्षं 'सलग सेवा' लागते असं आहे, मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर ही अट नाही. पण सलग सेवेची व्याख्या काढून बघा, तिथे वर्षात २४० दिवस काम झालं की ते वर्ष पूर्ण धरतात, आणि आठवड्याला सहापेक्षा कमी दिवस चालणाऱ्या ठिकाणी १९० दिवस. यावरूनच मद्रास हायकोर्टाने मेट्टूर बियर्डसेल प्रकरणात चार वर्षं अधिक २४० दिवसवाल्याला पात्र ठरवलं. तुमच्या पाचव्या वर्षात साधारण २५० दिवस झालेत म्हणजे काठावर पास. पण बिनपगारी रजा किती घेतल्या ते आधी तपासा, कारण त्या या मोजणीत येत नाहीत, पगारी रजा येतात. १५ दिवस बिनपगारी घेतली असेल तर गणित तिथेच फिसकटतं. आणि मोजायचं ते शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत, राजीनामा दिला त्या तारखेपर्यंत नाही, म्हणजे नोटीस पिरियड सर्व्ह केलात तर तेही दिवस धरले जातात.

आता रक्कम. महिन्याला २६ दिवस धरून १५ दिवसांचा पगार, गुणिले वर्षं:

```
31200 × 15 / 26 × 5 = 90000
```

इथे पाच कसे आले? सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. पण लोक इथेच गोंधळतात, हा नियम फक्त रक्कम काढायला आहे, पात्रतेला नाही. ४ वर्षं ७ महिन्यांवर सोडणारा सहा दिवसांच्या आठवड्यात यावरून हक्क सांगू शकत नाही. आणि २४० भरले नाहीत तर कंपनीकडून काहीच मिळत नाही, सीटीसीत दर महिन्याला ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी दाखवलेली असली तरी.

फिक्स्ड टर्म कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं मात्र वेगळं, नव्या सोशल सिक्युरिटी कोडमध्ये त्यांना एका वर्षानंतर प्रमाणात मिळते.

तुम्ही सोडल्यावर ३० दिवसांत लेखी अर्ज करा, तोंडी नको, पोच घ्या. हजेरीचा रेकॉर्ड अन् पगाराच्या स्लिपा जाण्याआधीच काढून ठेवा, नंतर लॉगिन बंद होतं! नकार आला तर तो लेखी मागा आणि कामगार खात्याच्या कंट्रोलिंग अथॉरिटीकडे जा. आमच्या जुन्या ऑफिसात एकाला ४ वर्षं ९ महिन्यांवर असंच 'विसरा' म्हटलं होतं, त्याने अर्ज टाकला, सुनावणीची नोटीस आली तशी कंपनीनेच चेक काढला.