रिलेची वेळ आणि ‘ताशी’ वेग

प्रश्न : “आमच्या शाळेच्या (ता. खानापूर) क्रीडादिनाच्या निवेदनात ‘विजेता संघ 4 × 100 मीटर रिले 52 सेकंदांच्या वेगाने धावला’ असे लिहिले होते. एका सरांनी ते चूक ठरवले. प्रेक्षकांना वेगच सांगायचा असेल तर तो कसा काढावा आणि कसा म्हणावा?”

सरांचे म्हणणे बरोबर आहे. सेकंद ही वेळ झाली. वेग सांगायचा तर अंतर हवेच. म्हणून ‘52 सेकंदांत शर्यत पूर्ण केली’ किंवा ‘ताशी सुमारे 28 किलोमीटर वेगाने धावला’ असे म्हणावे. ‘ताशी 28 किलोमीटर प्रति तास’ असे मात्र नको, कारण ‘ताशी’त ‘प्रति तास’ आलेच. आपल्या भागात ‘ताशी’ अधिक सोयीचे आहे, कारण उत्तर कर्नाटकातील कन्नडातही ‘तासु’ रुळलेला असल्याने कन्नड पालकांनाही ते सहज समजते.

आकडेमोड माइकसमोर तोंडी होण्यासारखी आहे. मीटर प्रति सेकंदाला 3.6 ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात आणि चौघांचे मिळून अंतर 400 मीटर असते, म्हणून 400 × 3.6 = 1440 हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा आणि त्याला सेकंदांनी भागावे. 1440 ÷ 52 म्हणजे 27.7. हाताने दाबलेल्या स्टॉपवॉचमध्ये दोन दशांश सेकंद इकडेतिकडे झाले तरी उत्तर 0.1 ने हलते, तेव्हा ‘सत्तावीस पूर्णांक एकोणसत्तर’ अशी ऐट मिरवण्यापेक्षा ‘सुमारे 28’ म्हणणेच प्रामाणिक. वेळ 1 मिनिट 2 सेकंद असेल तर 62 ने भागावे, 1.02 ने नव्हे; घाईत ही चूक हमखास होते.

‘सरासरी’ हा शब्द गाळू नये. हा वेग संघाचा आहे, शेवटच्या धावपटूचा नव्हे. पहिला धावपटू स्थिर उभा असताना सुटतो, तर बाकीचे तिघे बॅटन हाती येण्याआधीच पळू लागलेले असतात. त्यामुळेच 2012 च्या लंडन ऑलिंपिकमधील जमैकाच्या 36.84 सेकंदांचा वेग ताशी सुमारे 39 किलोमीटर भरतो, आणि बोल्टच्या 9.58 सेकंदांच्या 100 मीटर विक्रमाचा मात्र साडेसदतीसच. म्हणून रिलेचा वेग 100 मीटरच्या निकालाशेजारी ठेवून तुलना करू नये.

दुसऱ्या संघाला 54 सेकंद लागले, तर त्याचा वेग ताशी 26.7 येतो. हा एका किलोमीटरचा फरक ऐकून प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही. तिथे अंतरच सांगावे : 400 ÷ 54 म्हणजे सेकंदाला साधारण 7.4 मीटर, दोन सेकंदांचे जवळजवळ 15. निवेदनात असे लिहिता येईल :

“विजेत्या संघाने 400 मीटर अंतर 52 सेकंदांत, म्हणजे ताशी सरासरी सुमारे 28 किलोमीटर वेगाने पार केले. त्यांनी अंतिम रेषा ओलांडली तेव्हा उपविजेता संघ सुमारे 15 मीटर मागे होता.”