कपाटात रंगीत सनमायका लावायचा ४२ हजारांचा खर्च : करावा का?

"मॅडम, आम्ही घरात पाच जण, मी, मिस्टर, सासूबाई आणि दोन मुलं (११ आणि ७ वर्षं). दोन मोठी वॉर्डरोब आहेत, सगळे कप्पे आतून एकाच ऑफव्हाइट रंगाचे, कोणाचं काय कुठे ठेवलंय ते कळत नाही आणि घरात असलेली वस्तू परत विकत आणली जाते, महिन्याला दीड हजार तरी असे जातात. प्रत्येकाच्या कप्प्यांना आतून वेगळ्या रंगाचा सनमायका लावायचा विचार आहे, १४ कप्पे आणि ५ ड्रॉवर, कोटेशन ४२,००० आलंय. ईएमआय घेतला तर ३,९०० चे १२ हप्ते. बोनस ५५,००० आलाय, त्यातून रोख देऊ की हप्त्यावर घेऊन बोनस एफडीत ठेवू?"

ताई, आधी हप्त्याचं सांगते. १२ हप्ते म्हणजे ४६,८००, म्हणजे ४,८०० जास्तीचे, आणि दुकानदार सांगेल की साधारण साडेअकरा टक्केच पडतात. पण तुमच्याकडे ते ४२ हजार वर्षभर पूर्ण नसतातच ना, पहिल्या महिन्यापासून परत द्यायला सुरुवात होते, सहाव्या महिन्यात निम्म्याच्या आसपासच बाकी उरलेली असते. तसं धरून हिशोब केला तर व्याज महिन्याला १.७ टक्के म्हणजे वर्षाला २० टक्क्यांच्या वर पडतं. आणि बोनस एफडीत ठेवून साधारण सहा ते सात टक्के मिळतील, तेही टॅक्सच्या आधी. म्हणजे हप्ते आणि एफडी हे दोन्ही एकदम नको, हे नक्की.

पण माझं म्हणणं असं आहे की रोख पण देऊ नका. रंगाची कल्पना मला पटलीय, मनापासून पटलीय, पण ती सनमायकात करायची गरज नाही.

कोटेशन एवढं का आलं ते बघा. सनमायकाची शीट येते ८ बाय ४ फुटाची, म्हणजे ३२ स्क्वेअर फूट, आणि सुताराला प्रत्येक रंगाची एक पूर्ण शीट घ्यावीच लागते. तुमचे कप्पे नेहमीच्या मापाचे, साधारण २१ इंच खोल आणि १७ इंच रुंद असतील असं धरते, तर एक कप्पा अडीच स्क्वेअर फुटाचा झाला, एकाच्या वाट्याला चार कप्पे धरले तर दहा स्क्वेअर फूट. म्हणजे पाच रंगांच्या पाच शीट, १६० स्क्वेअर फूट माल, आणि नुसता तळ धरला तर लागणार जेमतेम ५०. उरलेल्या मालाचे पैसे पण तुम्हीच भरताय. त्यावर मजुरी, आणि तुमच्या इथे मजुरी जास्तच लागणार कारण जुन्या सनमायकावर नवीन चिकटवायचा तर जुना पृष्ठभाग घासून खरखरीत करावा लागतो, नाहीतर फेविकॉल पकड घेत नाही आणि काही महिन्यांत कडा उचलायला लागतात. कोटेशनमध्ये घासायचं लिहिलंय का बघा, नसेल तर ते काम एकतर होणार नाही किंवा नंतर जादा पैसे मागतील.

आता तुमचा दीड हजाराचा हिशोब. समजा सगळेच्या सगळे वाचले तर ४२ हजार वसूल व्हायला २८ महिने लागतात. पण सगळे वाचणार नाहीत हो, त्यातली थोडी खरेदी सेल दिसला म्हणून झालेली असते, कप्पा सापडला नाही म्हणून नाही. निम्मे वाचले धरले तर ५६ महिने, म्हणजे जवळपास पावणेपाच वर्षं. तोपर्यंत तुमचा मोठा मुलगा की मुलगी जे असेल ते पंधरा सोळाचं होईल, कपडे मोठे होतील, कप्पे कमी पडतील, वाटणी बदलेल आणि चिकटवलेला रंग तिथेच राहील. मला या खर्चात हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते, घरातली माणसं वाढतायत आणि तुम्ही पैसे घालताय न हलणाऱ्या गोष्टीत.

त्याऐवजी कापड घ्या. साधं कॉटन पॉपलीन, ३६ इंच पन्ह्याचं. एका पन्ह्यात १७ इंचाचे दोन तुकडे शिवणीसकट बसतात, खोलीला २१ अधिक पुढे दुमडायला दीड इंच अधिक शिवण, म्हणजे २४ इंच धरा, तर चार कप्प्यांना सव्वा मीटर लागतं, धुतल्यावर आटतं म्हणून दीड मीटर घ्या. पाच रंगांचे साडेसात मीटर, ९० रुपये मीटर धरले तरी ६७५ रुपये. कडा दुमडून शिवायला शेजारच्या टेलरला दिलं तरी सगळं मिळून हजार बाराशेच्या आत बसायला हरकत नाही. तुमच्या कप्प्यांचं माप वेगळं असेल तर आधी टेपने मोजा आणि मगच दुकानात जा, ड्रॉवर बहुतेक अरुंद असतात.

ते पुढे दुमडायचे दीड इंच मात्र वाचवू नका, सगळी मेहनत त्याच्यावर आहे. कप्पा कपड्यांनी भरला की तळाचा रंग दिसतच नाही, दिसते ती फक्त पुढची कड. म्हणून कापड कप्प्याच्या पुढच्या कडेवरून खाली वळवायचं आणि दोन ड्रॉइंग पिना मारायच्या, म्हणजे दार उघडल्या उघडल्या पट्टी दिसते. ड्रॉवरला मात्र पुढे वळवता येत नाही, तिथे कपडे थप्पी न लावता उभे घडी करून ठेवा, मधून मधून तळ दिसत राहतो.

तळ दिसतो याचा खरा पैशांचा उपयोग वेगळाच आहे. मुलाचे बनियन, मोजे, तुमच्या लेगिंग, सासूबाईंचे परकर, या वस्तू आपण अंदाजाने आणतो, आणि परत परत आणल्या जातात त्या याच. कप्प्याचा मागचा अर्धा भाग रिकामा ठेवायचा नाही आणि थप्पी सात आठ कपड्यांच्या वर न्यायची नाही, मग एखादी थप्पी संपत आली की तिच्या जागी रंग उघडा पडतो. रंग उघडा दिसला तरच ती वस्तू यादीत लिहायची, नाहीतर नाही. यासाठी तळाचा रंग कपड्यांच्या उलट हवा, युनिफॉर्मच्या पांढऱ्या शर्टखाली गडद निळा, काळ्या लेगिंगखाली पिवळा. पांढऱ्याखाली पांढरा असेल तर तळ उघडा पडलेला कळतच नाही, तुमच्याकडे आत्ता ऑफव्हाइटने तेच होतंय.

रंग निवडताना सासूबाईंना समोर बसवा. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा हिरवा सारखेच वाटायला लागतात, गडद निळा आणि काळा पण. काही पुरुषांना लाल हिरव्यातला फरक कळत नाही, मिस्टरांना पण एकदा विचारून घ्या. म्हणून मी हिरवा सोडूनच देईन, पिवळा, लाल, गडद निळा, पांढरा आणि पाचवं चौकडीचं कापड, चौकडी कोणालाही हात लावायच्या आधी ओळखू येते. प्रत्येकाला एक रंग द्या, कपड्यांच्या प्रकाराला नको. धुतलेले कपडे घडी करून ठेवणारी व्यक्ती बऱ्याच वेळा वेगळी असते, सासूबाई किंवा मावशी, आणि त्यांना "हे कोणाचं" एवढंच कळतं, "हे ऑफिसचं की घरचं" हे कळत नाही.

कापड वापरायच्या आधी धुवायचंच, आणि धुतल्यावर ओल्या पांढऱ्या रुमालाने जोरात घासून बघायचं. रुमालाला रंग लागला तर ते कापड कपाटात जाऊ देऊ नका, पावसाळ्यात दमट हवेत तोच रंग पांढऱ्या शर्टाला लागेल आणि ४० रुपयांसाठी ४०० चा शर्ट जाईल. लाल कापड याबाबतीत सगळ्यात जास्त तपासा. पतंगी कागद याच कारणाने अजिबात नको. वर्तमानपत्र पण नको, शाई कपड्याला लागते.

चिकटणारा रोल मिळतो तो स्वस्त दिसतो पण तो घेऊ नका हे मी अनुभवावरून सांगते. आमच्याकडे लावला होता, दोन पावसाळ्यांनी काढायला गेले तर गोंद तिथेच राहिला, त्याला धूळ आणि केस चिकटले, आणि भिंतीकडच्या कप्प्यात खाली बुरशी धरलेली होती जी वरून दिसतच नव्हती. ते साफ करायला रोलच्या किमतीपेक्षा जास्त पैसे गेले. आणि मऊ प्लास्टिकची शीट टाकणार असाल तर त्या कप्प्यात डांबर गोळ्या ठेवू नका, त्यांच्या वाफेने प्लास्टिक मऊ पडून चिकट होतं. जरीच्या साड्या रंगीत कापडावर थेट ठेवायच्या नाहीत, मलमलच्या पांढऱ्या कापडात गुंडाळून मगच.

आणि कापडाच्या पण आधी एक काम करा. चार्ट पेपर आणा, २२ बाय २८ इंचाचा, एका कप्प्याला एक पुरतो आणि पुढे वळवायला पण उरतो, १५ रुपयाला एक धरला तर १९ चे २८५ रुपये. साधा कागद आहे, ओला हात लागला तर रंग सोडेल, म्हणून ही ट्रायल पावसाळ्यात करू नका. तीन महिने तसंच चालवा. यूपीआयची हिस्टरी काढून आधीच्या तीन महिन्यांत कपड्यांवर किती गेले ते लिहून ठेवा, सणाची खरेदी बाजूला काढून, आणि मग हे तीन महिने. फरक महिन्याला पाचशे सातशेचा दिसला तर कापड शिवून घ्या. काहीच फरक दिसला नाही तर समजा की भानगड कप्प्यात नाही, कपडेच जास्त आहेत, आणि मग आधी छोटे झालेले, फाटलेले बाहेर काढावे लागतील, त्याला रंगाचा उपयोग नाही.

सनमायका कधी लावायचा? कपाट नवीन बनत असेल तेव्हा. तेव्हा आतली शीट लागणारच असते, घासायचं काम नसतं, आणि दोन रंग घेऊन सगळं कटिंग नीट बसवलं तर वाया फार जात नाही. किंवा तुमच्या कप्प्यांचा प्लाय ओलीने फुगला असेल, सनमायका सुटून वर आला असेल, तर दुरुस्ती म्हणून लावा, पण फक्त त्याच कप्प्यांना. हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून कप्पे धडधाकट आहेत असंच धरतेय.

बोनसमधले दीड हजार बाजूला काढा, बाकी साडेत्रेपन्न हजार एफडीत. फक्त सगळी एकच पावती करू नका, २०, २० आणि साडेतेरा अशा तीन करा, म्हणजे जूनमध्ये शाळेचे पैसे भरायला लागले तर एकच मोडेल आणि बाकीच्यांचं व्याज कापलं जाणार नाही. आणि त्या दुकानाला टोकन दिलं असेल तर आजच फोन करा, शीट कापायला घेतल्यावर ते परत देत नाहीत.