सेल्सच्या अर्जाचं पत्र: पहिलं वाक्य आणि शेवटचं

तुझ्या मसुद्यातलं पहिलं वाक्य आहे, "मी विक्री ४० टक्क्यांनी वाढवली." आकडा आहे, पण कशाच्या तुलनेत, किती काळात, त्यात तुझा वाटा किती, हे कळत नाही. सेल्स मॅनेजर रोज असेच आकडे तपासतो, त्यामुळे त्याला पहिली शंका तिथेच येते. त्याऐवजी असं लिही: "गेल्या आर्थिक वर्षात माझं टार्गेट ६० नव्या ग्राहकांचं होतं, मी ७२ जोडले, म्हणजे १२० टक्के. त्यातले निम्मे जुन्या ग्राहकांच्या शिफारशीतून आले." दुसरं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तुझी पद्धत त्यातून दिसते. यश टीमचं असेल तर तसं सांग आणि आपला भाग वेगळा दाखव. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. जुन्या कंपनीची गोपनीय रक्कम मात्र लिहू नकोस, टक्केवारी पुरते.

शेवटी "आपल्या उत्तराची वाट पाहत आहे" नको. "पहिल्या ९० दिवसांत नवे ग्राहक कसे आणेन, याचा एक पानी आराखडा तयार आहे. तो दाखवायला बुधवारी किंवा गुरुवारी वीस मिनिटं मिळतील का?" असं विचार. आराखडा खरंच तयार ठेव. जाहिरातीत फोन करू नये असं लिहिलं असेल, तर पाठपुरावा ईमेलनेच कर.