होमस्टेसाठी वेलकम नोट आणि घराच्या माहितीचं कार्ड: नेमकं काय लिहायचं?

प्रश्न: दादर पश्चिमेला आमचा जुन्या बिल्डिंगमधला फ्लॅट आहे, त्यातल्या दोन खोल्या होमस्टे म्हणून द्यायला सुरुवात करतोय, आम्ही नवरा-बायको तिथेच राहतो. पाहुण्यांसाठी वेलकम नोट आणि घराच्या माहितीचं कार्ड बनवायचंय. त्यात काय लिहू, किती लिहू? नेटवरचे नमुने सगळे हॉटेलसारखे वाटतात.

उत्तर:

आम्ही पण माटुंगा रोडच्या बाजूला घरातल्याच दोन खोल्या देतो, त्यामुळे तुमची परिस्थिती बऱ्यापैकी माहितीये. नेटवरचे नमुने बाजूला ठेवा, ते बंगल्यांसाठी लिहिलेले असतात, तिथे चोवीस तास पाणी आणि दारात गाडी. जुन्या दादरच्या बिल्डिंगमध्ये पाहुणा अडतो तो वेगळ्याच जागी, आणि बहुतेक वेळा चारच ठिकाणी: घर सापडणं, लिफ्ट, पाणी आणि लॅच. कार्ड या चौघांसाठी लिहा, बाकी सगळं नंतर.

पहिली गोष्ट, सगळं एका कार्डावर कोंबू नका. पाहुण्याला पत्ता लागतो तो रस्त्यावर असताना, आणि कार्ड तर तुमच्या टेबलावर पडलेलं. म्हणून घर सापडण्याचा भाग आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवायचा, त्यात लोकेशन पिन तर द्याच पण पिनवर विसंबू नका, जुन्या गल्ल्यांमध्ये पिन बऱ्याचदा मागच्या गेटला नेऊन सोडते. तळमजल्यावर कुठलं दुकान आहे, गेट कुठल्या बाजूने, वॉचमनला काय सांगायचं, एवढं लिहा. आणि दोन गोष्टी मुंबईबाहेरच्या माणसाला कधीच माहीत नसतात. एक, रिक्षा शहरात येत नाही, वांद्रे आणि सायनपर्यंतच, त्यामुळे एअरपोर्टवरून दादरला यायचं तर टॅक्सी किंवा मेट्रो घ्यावी लागते, नाहीतर माणूस बॅगा घेऊन वांद्र्याला उतरतो आणि तिथून फोन करतो. दोन, दादर स्टेशनचे प्लॅटफॉर्म नंबर. डिसेंबर २०२३ पासून वेस्टर्नचे १ ते ७ आणि सेंट्रलचे ८ ते १४ असे सलग झालेत, आधी दोन्हीकडे एक नंबर असायचा. पुण्याहून येणारा सेंट्रलला उतरतो आणि समोर दिसेल त्या जिन्याने पूर्वेला बाहेर पडतो. त्याला स्पष्ट लिहा, "पुलावर चढा, वेस्टर्नच्या बाजूला चालत या, पश्चिमेला उतरा, फूल मार्केटच्या बाजूला." आयडीचा फोटोही याच मेसेजमध्ये मागून घ्या. परदेशी पाहुणा असेल तर पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो आधीच हवेत, कारण त्याची माहिती आल्यापासून २४ तासांत तुम्हाला ऑनलाइन भरायची असते. हे कार्डावर लिहू नका, दमून आलेल्या माणसाला पहिल्याच कागदावर आयडी मागणं बरं दिसत नाही.

आता वेलकम नोट. ती चार ओळींची, हाताने लिहिलेली, पाहुण्याचं नाव घालून. त्यात नियम नकोत. आमची साधारण अशी असते:

"नमस्कार ____, प्रवास कसा झाला? आम्ही काका-काकू समोरच्याच खोलीत राहतो, रात्री ११ पर्यंत बिनधास्त दार वाजवा, त्यानंतर फोन करा. सकाळी ८ ला चहा-पोहे असतात, लवकर निघणार असाल तर आज रात्रीच सांगा म्हणजे डबा करून ठेवतो. माठातलं पाणी गाळून उकळलेलं आहे."

बस. शेवटचं वाक्य मुद्दाम आहे, बाहेरून आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत पाणीच शोधतो आणि माठ बघून विचारू की नको असं त्याचं होतं.

मग कार्ड. ए५ साइज, अक्षर मोठं (१४ पॉइंटच्या खाली नको, आमच्याकडे येणाऱ्यांत सिनियर सिटिझन बरेच), एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. हिंदीवाले इंग्रजी बाजू बघतात नाहीतर मराठी वाचून घेतात, तीन भाषा घातल्या की अक्षर बारीक होतं. लॅमिनेट करा आणि पाण्याच्या वेळा, वायफायचा पासवर्ड अशा बदलणाऱ्या गोष्टींची जागा कोरी ठेवा. लॅमिनेशनवर व्हाइटबोर्ड मार्करने लिहिलेलं पुसता येतं, दर वेळी नवीन प्रिंट काढायला नको.

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण कार्ड कसं लिहायचं हे यातूनच कळेल. पहिल्यांदा हात जातो तो "कृपया पाणी जपून वापरा" या वाक्याकडे. यातून पाहुण्याला काहीच कळत नाही. जपून म्हणजे किती, का, आणि नळ कोरडा पडला तर काय? जुन्या बिल्डिंगमध्ये महापालिकेचं पाणी ठरावीक वेळेलाच खालच्या टाकीत येतं, मग पंपाने वर चढतं आणि सोसायटी वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह सकाळ-संध्याकाळ उघडते. पाहुण्याला ही सगळी गोष्ट नको, त्याला चार गोष्टी हव्यात: वेळ, वेळेबाहेर काय करायचं, गरम पाणी कसं, आणि नळाला पाणी नसताना काय विसरायचं नाही. म्हणून आमच्या कार्डावर असं आहे:

"नळाला पाणी सकाळी __ ते __ आणि संध्याकाळी __ ते __. बाकीच्या वेळी बाथरूममधला निळा ड्रम भरलेला असतो, बादली-मगने आंघोळ करा. नळ उघडला आणि पाणी आलं नाही तर नळ बंद करूनच बाहेर पडा."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. पाणी नाही म्हणून माणूस नळ तसाच उघडा ठेवून गेटवेला फिरायला जातो, संध्याकाळी पाणी सुटतं, टाकी रिकामी होते आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात. शॉवर पाणी असतानाच चालतो हेही त्या ओळीला जोडा, नाहीतर प्रेशर नाही म्हणून तक्रार ठरलेली.

गरम पाण्याचं कार्डावर लिहू नका, गीझरच्या स्विचखालीच पट्टी लावा. पण आधी स्वतःचा गीझर बघा, काय लिहायचं ते त्यावर ठरतं. छोटा ३ लिटरचा इन्स्टंट असेल तर दोनेक मिनिटांत पाणी तापतं आणि एक बादली भरेपर्यंत थंड व्हायला लागतं, तिथे लिहायचं "नळ बारीक सोडा". १५ लिटरचा, २ किलोवॅटचा स्टोरेज असेल तर साधारण १५ मिनिटं लागतात, तिथे "आंघोळीच्या १५ मिनिटं आधी लाल स्विच लावा, आंघोळीला जाताना बंद करा". एकाची पट्टी दुसऱ्याला लावली तर माणूस दोन मिनिटांनी गार पाण्याखाली उभा राहतो आणि गीझर बिघडलाय म्हणून सांगत येतो.

अशाच पट्ट्या लिफ्ट आणि लॅचसाठी. तुमच्याकडे जाळीच्या दोन दारांची जुनी लिफ्ट असेल तर नव्या पोरांना ती ठाऊकच नसते, बाहेरचं दार नीट ओढलं नाही की लिफ्ट त्याच मजल्यावर अडकून बसते आणि अख्खी बिल्डिंग "लिफ्टचं दाऽऽर" म्हणून ओरडते, आणि ती नाराजी पाहुण्यावर नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमच्यावर निघते. लिफ्टमध्ये तुम्हाला चिकटवता येणार नाही, म्हणून हे किल्लीच्या टॅगवर लिहा: "लिफ्टची दोन्ही दारं ओढून लावा." लॅचची पट्टी मात्र मेन दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यासमोर: "किल्ली घेतलीत? दार आपोआप लागतं." कचरा ठेवायला बाहेर पडलेला माणूस बर्म्युड्यात बाहेर अडकतो आणि तुम्ही नेमके भाजी आणायला गेलेले असता. डब्यांच्या झाकणावर "ओला" आणि "सुका" एवढंच पुरे, सोबत केळ्याच्या सालीचं आणि बाटलीचं चित्र काढून ठेवा, सगळ्या भाषांना समजतं.

वायफायसाठी क्यूआर कोड छापा. कुठल्याही फ्री क्यूआर बनवणाऱ्या साइटवर टेक्स्ट म्हणून हे टाकलं की झालं:

```
WIFI:T:WPA;S:Dadar_Khidki;P:chahakap77;;
```

`S:` नंतर वायफायचं नाव, `P:` नंतर पासवर्ड, शेवटी दोन सेमीकोलन. नाव फोनवर दिसतं तसंच, कॅपिटल-स्मॉल सकट. पासवर्डमध्ये सेमीकोलन, कोलन किंवा कॉमा असेल तर त्याच्या आधी उलटा स्लॅश लागतो, त्यापेक्षा पासवर्डच साधा ठेवा. एल आणि एक, ओ आणि शून्य हे पासवर्डमध्ये नकोतच, लॅपटॉपवाल्यांना तो हाताने टाइप करायचा असतो. पासवर्ड बदलला की क्यूआरही नवीन करावा लागतो, म्हणून क्यूआर कार्डावर छापू नका, वेगळ्या छोट्या कागदावर ठेवा.

कार्डाच्या तळाला इमर्जन्सीचे नंबर: ११२, अँब्युलन्सला १०८, फायर ब्रिगेडला १०१, आणि पावसाळ्यात पाणी तुंबलं, झाड पडलं तर महापालिकेची हेल्पलाइन १९१६. छापताना इंग्रजी आकड्यांत छापा, घाईत डायल करणाऱ्याला सोपं जातं. मग तुमचा नंबर, आणि शेजारच्या एका विश्वासू माणसाचा, त्याला विचारूनच. जवळचं चोवीस तास कॅज्युअल्टी असलेलं हॉस्पिटल म्हणून परळचं केईएम लिहून ठेवा, आणि त्याच ओळीत आपल्या बिल्डिंगचा पूर्ण पत्ता, विंग आणि मजल्यासकट. अँब्युलन्सवाला पत्ता विचारतो आणि पाहुण्याला "दादरला, स्टेशनजवळ" एवढंच सांगता येतं.

किचन वापरू देणार असाल तर पाइप गॅसच्या व्हॉल्व्हपाशी अजून एक पट्टी: "दांडा पाइपच्या रेषेत = चालू, आडवा = बंद. वास आला तर दांडा आडवा करा, खिडक्या उघडा, एकही स्विच चालू-बंद करू नका, बाहेर येऊन आम्हाला फोन करा." गॅस कंपनीचा इमर्जन्सी नंबर तुमच्या बिलावर असतो, तो खाली लिहा.

नियमांचं म्हणाल तर तीनच ठेवा आणि प्रत्येकाला कारण जोडा. "गॅलरीत ओले कपडे पिळून वाळत घाला, खालच्यांचे पापड वाळत असतात" हे वाचून माणूस हसतो आणि ऐकतो. "कपडे वाळत घालू नयेत" लिहिलं तर पावसाळ्यात तो ते पंख्यावर टाकतो. सिगारेट, मद्य, बाहेरची माणसं रात्री राहणं, याबद्दल जे काय असेल ते बुकिंगच्या आधीच सांगा, पैसे भरून आल्यावर कार्डावर वाचायला मिळालं की भांडण होतं आणि चूक तुमचीच धरली जाते.

सगळं लावून झालं की एखाद्या भाच्याला नाहीतर डोंबिवलीच्या मावसबहिणीला एक रात्र राहायला बोलवा आणि तोंडाने काहीही सांगू नका. ती जेव्हा जेव्हा "अगं, हे कसं चालतं?" म्हणून हाक मारेल तेव्हा उत्तर देण्याआधी ती कुठे उभी आहे ते बघा, पट्टी तिथे लावायची.